पित्ताशयांतील खडा : बर्लिनमधील एका रोग्याची हकीकत

१८८२ सालच्या जुलै महिन्यांत बर्लिन शहरांतील लाझारस रुग्णालयांत त्रेचाळीस वर्षांचा एक गृहस्थ येऊन दाखल झाला. तो कचेरींत चिटणिसाचें काम करीत असे. गेलीं सोळा वर्षें त्याच्या पोटांत उजव्या बरगडीखालीं राहून राहून शूळ उठत होता. कळ आली कीं ती तासन्‌तास टिकावी, नंतर आपोआप ओसरावी, आणि कांहीं दिवस बरे गेले न गेले तोंच पुन्हां यावी, असा तो क्रम होता. दुखण्याच्या धाकानें त्याचें अन्न तुटलें होतें. वजन सुमारें ऐंशीं पौंडांनीं उतरलें होतें. कळ सोसवेना म्हणून सुरू केलेल्या मॉर्फियाची त्याला पुढें संवयच जडली होती. त्या काळच्या वैद्यकापाशीं जेवढे उपाय होते तेवढे सर्व करून झाले होते.

या रुग्णालयाचा मुख्य शस्त्रवैद्य कार्ल लांगेनबूख हा तेव्हां पस्तीस वर्षांचा होता. त्यानें त्या रोग्यावर जो उपाय केला तो त्यापूर्वीं जिवंत माणसावर कोणीं केला नव्हता. त्या उपायाचें मर्म ध्यानांत येण्यास मात्र आधीं एका लहानशा पिशवीची ओळख करून घेतली पाहिजे.

मराठींत “पित्त झालें” असें म्हणतात तेव्हां बोलणाराच्या मनांत बहुधा घशाशीं येणारें आंबट पाणी असतें. तें जठरांतील अम्ल होय. यकृतांत तयार होणारें पित्त तें निराळेंच. हा रस हिरवट-पिवळा व चवीला कडू असून निरोगी माणसाच्या यकृतांतून तो दिवसाला अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत पाझरत असतो. पोट रिकामें असतां त्यांतला बराचसा भाग यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या पेरूच्या आकाराच्या एका पिशवींत जाऊन सांठतो. हाच पित्ताशय. त्यांत एका वेळीं फार तर तीस ते पन्नास मिलिलिटर रस मावतो. एवढ्याशा जागेंत पुष्कळ पित्त ठेवण्याची युक्ति निसर्गानें अशी केली आहे कीं, पिशवीची भिंत त्या रसांतलें पाणी शोषून घेते आणि पित्त पांच ते दहा पटींनीं दाट होतें. खडे होण्याचा आरंभ या दाटपणांतच दडलेला आहे.

पित्ताशयांत खडे असतात ही गोष्ट प्रेतें चिरून पाहणाऱ्यांना फार पूर्वींपासून माहीत होती. इटलींतील फ्लॉरेन्सचा वैद्य अंतोनियो बेनिव्हिएनी यानें पंधराव्या शतकांत अशा खड्यांची नोंद करून ठेवली आहे. परंतु तो खडा कशाचा बनलेला असतो, हें कळावयास अठरावें शतक उलटावें लागलें. पुलतिए द ला साल या फ्रेंच वैद्यानें त्या शतकाच्या उत्तरार्धांत पित्तखडे मद्यार्कांत विरघळवून त्यांतून मेणासारखा एक पांढरा, चकचकीत पदार्थ वेगळा काढला. पुढें १८१५ सालच्या सुमारास शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानें त्याला ग्रीक भाषेंतील ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थाच्या दोन शब्दांवरून नांव दिलें. आज ज्याला कोलेस्टेरॉल म्हणतात तो हाच. आरंभीं तो रक्तांत नव्हे, तर पित्ताच्या खड्यांत सांपडला होता.

कोलेस्टेरॉल पाण्यांत विरघळत नाहीं, आणि पित्त तर बहुतांशीं पाणीच. असें असतांही पित्तांत कोलेस्टेरॉल असतें व निरोगी माणसांत तें दिसतही नाहीं. याचें कारण पित्तांतील दुसरे दोन पदार्थ होत. एक पित्तक्षार व दुसरा लेसिथिन. साबणाच्या फेसांत जसा तेलाचा अंश धरला जातो, तसे हे दोघे मिळून कोलेस्टेरॉलच्या कणांना वेढून धरतात व रसांत तरंगत ठेवतात. अमेरिकेंतील ॲडमिरँड आणि स्मॉल या दोघा संशोधकांनीं १९६८ सालीं या तिघांचें प्रमाण एका त्रिकोणी आकृतींत मांडून दाखविलें. त्रिकोणाच्या एका लहानशा भागांत प्रमाण असेल तोंवर पित्त नितळ राहतें. कोलेस्टेरॉल वाढलें किंवा पित्तक्षार कमी झाले, कीं प्रमाण त्या भागाबाहेर जातें व कोलेस्टेरॉल स्फटिकरूपानें बाहेर पडूं पाहतें.

तथापि एवढ्यानें खडा होत नाहीं. पुष्कळ निरोगी माणसांचें पित्तही रात्रभराच्या उपवासानंतर अशा काठावर आलेलें असतें. खडा होण्यास आणखी दोन गोष्टी लागतात. पिशवीच्या भिंतींतून झरणारा चिकट श्लेष्मा स्फटिकांना एकत्र धरून ठेवतो, ही एक. आणि पिशवी वेळच्या वेळीं पुरी रिकामी न होणें, ही दुसरी. स्फटिक व श्लेष्मा यांचा जो गाळ तळाशीं बसतो तो रोजच्या जेवणाबरोबर धुऊन गेला तर कांहींच बिघडत नाहीं. तो राहिला तर त्यावर थर चढत जातात. ही वाढ वर्षाला सरासरी दोन-तीन मिलिमीटरांहून जास्त नसते. म्हणून वाटाण्याएवढा खडा हा बहुधा कांहीं वर्षांचा जुना असतो. कळ मात्र एका रात्रींत येते, आणि रोगी त्या रात्रींच्या जेवणाला दोष देतो.

खडे कोणाला अधिक होतात याचें कोडेंही यावरून उलगडतें. स्त्रियांच्या शरीरांतील एक अंतःस्राव पित्तांत कोलेस्टेरॉल अधिक सोडावयास लावतो, आणि गर्भारपणांत दुसरा एक स्राव पिशवीला सुस्त करतो. म्हणून बाळंतपणें झालेल्या स्त्रियांत हें दुखणें पुरुषांपेक्षां अधिक आढळतें. स्थूल माणसाच्या यकृतांतून कोलेस्टेरॉल जास्त पाझरतें. परंतु उलट टोकही तितकेंच वाईट. जो मनुष्य कडक उपासानें थोड्या महिन्यांत पुष्कळ वजन उतरवतो, त्याच्या अंगांतील चरबी वितळून तिच्यांतलें कोलेस्टेरॉल पित्तांत येतें, आणि खाणेंच नसल्यामुळें पिशवी आळसावून भरलेली राहते. सर्वच खडे कोलेस्टेरॉलचे मात्र नसतात. ज्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी अकालीं फुटतात त्यांना पित्तरंगाचे काळे खडे होतात, आणि ते लहान मुलांतही सांपडतात.

आतां कळ कां येते तें पाहूं जातां आधीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. खडे असलेल्या बहुतेक माणसांना जन्मभर कांहींच होत नाहीं. ज्यांना लक्षणें नाहींत अशांपैकीं वर्षाला शंभरांत एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. खडा पिशवीच्या तळाशीं पडून असतो तोंवर तो निरुपद्रवी असतो. तो तोंडाशीं आला म्हणजे उपद्रव होतो, आणि त्याला तोंडाशीं आणणारी गोष्ट म्हणजे स्निग्ध जेवण.

हा दुवा १९२८ सालीं उलगडला. अमेरिकेंतील आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनीं दाखवून दिलें कीं, स्निग्ध अन्न लहान आतड्यांत उतरलें म्हणजे आतड्याच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत मिसळतें, आणि रक्तावाटे पित्ताशयापाशीं जाऊन त्याला आकुंचन पावावयास लावतें. त्या द्रव्याला त्यांनीं कोलेसिस्टोकायनिन, म्हणजे पित्ताशयाला हलविणारें, असें नांव दिलें. जठरांतून अन्न हळूहळू खालीं उतरतें, म्हणून हें आकुंचन जेवणानंतर कांहीं वेळानें रंगास येतें. पिशवी पिळली जाते, पित्ताच्या लोंढ्याबरोबर खडाही मानेकडे सरकतो, आणि जेथून बाहेर जाणारी नळी निघते त्या चिंचोळ्या जागीं अडकतो.

एक साधारण उदाहरण घेतलें म्हणजे पुढचा क्रम स्पष्ट होईल. समजा, कोणी गृहस्थ रात्रीं नऊ वाजतां लग्नाच्या पंक्तींतून तुपातेलाचें भरपूर जेवून उठला. दहा-साडेदहाच्या सुमारास त्याच्या छातीच्या खालच्या टोकाशीं किंवा उजव्या बरगडीखालीं जडपणा वाटूं लागतो. अर्ध्या तासांत त्याची घट्ट, सलग कळ होते. हिला शूळ म्हणण्याचा प्रघात आहे. पण आतड्याचा शूळ जसा लाटांनीं येतो व जातो तशी ही नसते. ती एकदां चढली कीं चढलेलीच राहते. ती पाठींत उजव्या फऱ्याखालीं किंवा खांद्यापर्यंत जाते. रोगी कुशी बदलतो, येरझारा घालतो, ओकतो, परंतु कशानेंच आराम पडत नाहीं. मग पहाटे एक-दोनच्या सुमारास ती जशी आली तशीच ओसरते. पिशवी सैल झालेली असते व खडा मागें घरंगळलेला असतो. सकाळीं पोट दाबून पाहिलें तरी फारसें दुखत नाहीं, अंगांत ताप नसतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, “पित्त खवळलें होतें, आतां बसलें.”

येथें फसगत होते. कळ गेली म्हणून रोग गेला असें नव्हे. खडा होता तेथेंच आहे. बर्लिनच्या त्या चिटणिसाचीं सोळा वर्षें अशाच घरंगळणाऱ्या खड्यांच्या पायीं खर्चीं पडलीं.

परंतु कधीं कधीं पहाटेचे तीन, चार, पांच वाजतात तरी कळ ओसरत नाहीं. खडा नळीच्या तोंडांत घट्ट बसलेला असतो. पिशवींत अडकून पडलेलें दाट पित्त आपल्याच भिंतीला चावूं लागतें. त्या दाहानें भिंतींतून आणखी पाणी व श्लेष्मा झरतो. वाट तर बंद. म्हणून पिशवी फुगते व तिच्यांतला दाब वाढतो. भिंतींतून रक्त परत नेणाऱ्या नाजूक शिरा आधीं दबतात, त्यामुळें भिंत सुजून जाड होते. दाब आणखी वाढला कीं रक्त आणणाऱ्या वाहिन्याही दबतात, आणि भिंतीचा एखादा भाग उपाशी पडून मरूं लागतो.

या सर्व अवस्थेंत आरंभीं जंतूंचा संबंध बहुधा नसतो, ही गोष्ट उमगावयास वैद्यांना फार काळ लागला. बर्नहार्ड नाउनिन या जर्मन वैद्यानें १८९२ सालीं आपल्या गाजलेल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें होतें, कीं पित्त तुंबतें, त्यांत जंतू शिरतात, जंतूंमुळें अस्तर सुजतें आणि त्या सुजेंतून खडे निर्माण होतात. जंतुशास्त्राच्या त्या तेजीच्या काळांत हें मत सर्वांना पटलें. पुढें आशोफ यानें पिशवीला सूज नसतांही कोलेस्टेरॉलचा खडा होऊं शकतो असें दाखवून त्यास हरकत घेतली. आज सामान्य कोलेस्टेरॉलच्या खड्यांपुरता क्रम नेमका उलटा मानला जातो : आधीं खडा, मग अडथळा, मग दाह, आणि शेवटीं जंतू. यकृताच्या मोठ्या नळींत होणारे तपकिरी खडे तेवढे जंतूंमुळें होतात, आणि त्यांच्यापुरतें नाउनिनचें म्हणणें टिकून आहे.

शेवटीं येणारे हे जंतू कोठून बाहेरून येत नाहींत. ते आतड्यांतलेच रहिवासी होत. वाहतें पित्त त्यांना टिकूं देत नाहीं. तुंबलेलें पित्त व रक्ताअभावीं दुबळी झालेली भिंत त्यांना आयतीच सांपडते. एक-दोन दिवसांत संसर्ग रुजला कीं पित्ताच्या जागीं पू भरूं शकतो, आणि मेलेल्या भिंतीला भोंक पडलें तर तो पू पोटाच्या पोकळींत पसरतो. मग प्राणावर बेततें.

साधी कळ व दाह यांमधील सीमारेषा वैद्य साधारणपणें सहा तासांपाशीं आंखतात. सहा तास उलटून कळ टिकली, ताप आला, थंडी भरली, आणि मधोमध असलेलें दुखणें उजव्या बरगडीखालीं एका जागीं येऊन बसलें, तर खडा निसटलेला नाहीं असें समजावें. अशा वेळीं येरझारा घालणारा रोगी आतां हलेनासा होतो, कारण सुजलेली पिशवी पोटाच्या अस्तराला घासते. शिकागोचा शस्त्रवैद्य जॉन मर्फी यानें १९०३ सालीं वर्णिलेली परीक्षा यावरच आधारलेली आहे. उजव्या बरगडीखालीं बोटें दाबून रोग्याला दीर्घ श्वास घ्यावयास सांगतात. श्वासाबरोबर यकृत खालीं येतें, सुजलेला पित्ताशय बोटांना भिडतो, आणि रोग्याचा श्वास मध्येंच अडतो. मात्र वृद्धांत व मधुमेह्यांत ताप व कळ दोन्हीं सौम्य असूनही आंत भिंत सडत असूं शकते. आणि डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर खडा पिशवींतून निघून यकृताच्या मुख्य नळींत गेल्याची शंका धरावी लागते. तो धोका निराळा व अधिक तांतडीचा.

एवढें समजल्यावर लांगेनबूखच्या धाडसाची योग्यता कळते. त्याच्या आधीं पॅरिसचा जाँ लुई पती यानें १७४३ सालीं सुचविलें होतें, कीं पू झालेला पित्ताशय पोटाच्या भिंतीला चिकटला असेल तर तेथें छेद करून तो मोकळा करावा. १८६७ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें जॉन बॉब्स यानें एका स्त्रीचें पोट अंडाशयाची गांठ समजून उघडलें, तों आंत खड्यांनीं भरलेला फुगीर पित्ताशय निघाला. त्यानें पिशवी चिरून खडे काढले आणि ती शिवून टाकली. ती बाई पुढें पुष्कळ वर्षें जगली. परंतु खडे काढून पिशवी ठेवली तर पुन्हां खडे होतात, हा अनुभव येऊं लागला. लांगेनबूखचा युक्तिवाद असा होता कीं, पिशवींत खडे आहेत एवढ्यासाठीं ती काढावयाची नसून ती खडे बनविते म्हणून काढावयाची. तिच्यावांचून प्राणी जगतो याला पुरावा होता. सतराव्या शतकांत झांबेक्कारी यानें जनावरांचा पित्ताशय काढून पाहिला होता व तीं जगलीं होतीं. घोडा व हत्ती यांना तर तो जन्मतःच नसतो. लांगेनबूखनें प्रथम प्रेतांवर ही क्रिया पुनःपुन्हां करून तिची रीत बसविली.

१८८२ च्या जुलैच्या १५ तारखेस त्यानें त्या चिटणिसाचें पोट उघडलें. पित्ताशयाची नळी रेशमाच्या धाग्यानें बांधली, पिशवी यकृतापासून सोडविली आणि काढून घेतली. तिची भिंत जुन्या दाहानें जाड झाली होती आणि आंत कोलेस्टेरॉलचे दोन खडे होते. सोळा वर्षांच्या यातनांचें मूळ तें एवढेंच. दुसऱ्या दिवशीं रोग्याला ताप नव्हता, दुखणें थोडें होतें, आणि तो चिरूट ओढीत पडला होता. बाराव्या दिवशीं तो उठून चालूं लागला. सहा आठवड्यांनीं घरीं गेला तेव्हां त्याचें वजन वाढूं लागलें होतें व कळ पुन्हां आली नव्हती.

या क्रियेस विरोधही झाला. इंग्लंडचा नामांकित शस्त्रवैद्य लॉसन टेट खडे काढून पिशवी राखण्याच्याच बाजूचा राहिला. काळानें निर्णय लांगेनबूखच्या बाजूनें दिला. १९८५ सालीं जर्मनीच्याच एरिख म्यूहे यानें मोठा छेद न घेतां दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढला, आणि आज बहुधा तीच रीत चालते. पिशवी गेल्यावर यकृताचें पित्त सांठण्याऐवजीं सरळ आतड्यांत ठिबकत राहतें. कांहीं जणांना शौचास पातळ होण्याचा त्रास होतो. बहुतेकांचें पचन सुरळीत चालतें.

शस्त्रावांचून खडा विरघळविण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. पित्तक्षारांच्या गोळ्यांनीं लहान, चुना न धरलेले कोलेस्टेरॉलचे खडे कांहीं महिन्यांत ते वर्ष-दोन वर्षांत विरतात. परंतु पिशवी तीच असल्यामुळें पुष्कळांना ते पुन्हां होतात. तेल व लिंबाचा रस पिऊन खडे पडतात असा एक समज आहे. दुसऱ्या दिवशीं हिरवट मऊ गोळ्या पडतातही. पण तपासणींत त्या पोटांत तयार झालेल्या साबणाच्या निघाल्या आहेत. शिवाय इतकें तेल एकदम पोटांत गेलें म्हणजे पित्ताशय जोरानें आवळतो, आणि स्वस्थ पडलेला खडा मानेंत जाऊन बसण्याचा संभव वाढतो. तुपातेलाचें जेवण कमी केल्यानें कळा कमी येतात हें खरें. असलेला खडा मात्र त्यानें झिजत नाहीं.

बर्लिनच्या त्या रोग्याला सोळा वर्षें थांबावें लागलें, कारण त्या सोळा वर्षांत कोणापाशीं उपायच नव्हता. आज जो मनुष्य रात्रींची कळ ओसरली म्हणून सकाळीं ती विसरतो, त्याला ही सबब उरलेली नाहीं. त्यानें एवढेंच ध्यानांत ठेवावयाचें कीं, कळ ओसरली तर खडा मागें सरला आहे. आणि सहा तासांत ओसरली नाहीं, ताप चढला, तर तो अडकला आहे, व त्यापुढचा प्रत्येक तास त्या पिशवीच्या भिंतीचा आहे.